ऋणनिर्देशाचं पान : कोणाचं नाव आधी, कोणाला किती ओळी

एम.एस्सी. किंवा एम.ए.च्या लघुप्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान बहुतेक वेळा बाइंडिंगला टाकायच्या आदल्या रात्री लिहिलं जातं. विभागाच्या कपाटातून मागच्या वर्षीचा प्रबंध काढायचा, नावं बदलायची आणि प्रिंट मारायची. त्यामुळे क्रमही तयारच मिळतो: प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, शिक्षकवृंद, ग्रंथपाल, प्रयोगशाळा कर्मचारी, मित्रमंडळी, आईवडील. हा क्रम पदांचा आहे, कामाचा नाही. ज्या माणसाने चुकीचं रीडिंग पकडलं तो यात ‘सर्व प्रयोगशाळा कर्मचारी’ या दोन-तीन शब्दांत बुडतो, आणि ज्यांनी एका अर्जावर सही केली त्यांच्या नावाने पानाची सुरुवात होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार साम्य तपासताना ऋणनिर्देश, प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची वगळतात. म्हणजे उचललेल्या ऋणनिर्देशावर सॉफ्टवेअर बोट ठेवणार नाही. पण त्याच कपाटातले प्रबंध वर्षानुवर्षं वाचणाऱ्या परीक्षकाला आणि तुमच्या मार्गदर्शकांना ती वाक्यं पाठ असतात. पुढची पद्धत वापरली तर हे पान दोन बैठकींत लिहून होतं. पहिली बैठक शेवटच्या प्रकरणाचा मसुदा दिल्यावर घ्या आणि दुसरी दोन-तीन दिवसांनी.

आधी नोंदी काढा, नावं नंतर

आठवेल तशी नावं लिहायला बसलं की अलीकडे भेटलेली माणसं वर येतात. शेवटच्या महिन्यात फॉरमॅटिंग करून देणारा मित्र लख्ख आठवतो. पहिल्या सत्रात विषयाची दिशाच बदलून देणाऱ्या बाई आठवत नाहीत. म्हणून चार ठिकाणं चाळा: प्रयोगवही किंवा क्षेत्रभेटीची डायरी, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल, शेरे असलेले जुने मसुदे आणि परवानगीची पत्रं. प्रत्येक ठिकाणी दिसणाऱ्या माणसाचं नाव एका कागदावर घ्या. या टप्प्यावर कोणालाही गाळू नका.

मग प्रत्येक नावापुढे एकच वाक्य लिहा, आणि त्यात क्रियापद ठोस हवं. ‘मदत केली’, ‘सहकार्य केलं’, ‘मार्गदर्शन लाभलं’ ही तिन्ही या कागदावर चालणार नाहीत. ‘प्रश्नावलीतले दोन प्रश्न उत्तर सुचवणारे आहेत हे दाखवून दिलं’ हे चालेल. ‘इतवारीतल्या व्यापाऱ्यांशी ओळख करून दिली’ हेही चालेल. वाक्य सुचतच नसेल तर ते नाव सामूहिक उल्लेखात जाईल किंवा गळेल, हे तिथेच कळतं.

वाक्य झालं की त्यापुढे प्रबंधातली जागा लिहा: कोणतं प्रकरण, कोणता तक्ता, कोणती आकृती. वजन मोजायचा प्रश्न इथून निघतो. ही व्यक्ती नसती तर प्रबंधातलं कोणतं पान वेगळं झालं असतं? निष्कर्षच बदलला असता तर ती व्यक्ती पहिल्या थरात. निष्कर्ष तोच राहिला असता पण काम कच्चं झालं असतं किंवा लांबलं असतं, तर दुसऱ्या थरात. प्रबंध तोच राहिला असता पण तुम्हाला तो पुरा करणं जड गेलं असतं, तर तिसऱ्या. घरचे लोक बहुधा तिसऱ्या थरात येतात. त्यात त्यांचा कमीपणा नाही. हे पान प्रबंधाचं आहे, आयुष्याचं नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

एक प्रबंध समोर ठेवून

समजा, नागपुरातली एक विद्यार्थिनी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. विषय आहे नाग नदीकाठच्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. तिने २४ विहिरी निवडल्या आणि प्रत्येकीचं पाणी मे महिन्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा घेतलं. एकूण ४८ नमुने झाले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. कोणत्या विहिरी ती ओलांडतात आणि नदीपासूनच्या अंतराशी त्याचा संबंध आहे का, एवढाच तिचा प्रश्न.

तिच्या कागदावर ही माणसं आली. मार्गदर्शक डॉ. अ: तिचा मूळ आराखडा पाण्याचे वीसेक घटक मोजायचा होता, एकच घटक घे पण अंतराशी जोडून बघ, हे त्यांनी सांगितलं आणि चौथ्या प्रकरणाचे तीन मसुदे तपासले. विभागातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ श्री. ब: स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नायट्रेट २२० नॅनोमीटरला मोजतात आणि पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांची वजावट करायला २७५ नॅनोमीटरला दुसरं रीडिंग घेतात. ही वजावट पहिल्या रीडिंगच्या दहा टक्क्यांहून मोठी निघाली तर त्या नमुन्यासाठी ही पद्धत वापरायची नसते. तिच्या सहा नमुन्यांत तसं झालं होतं. ती आकडे उतरवून पुढे निघाली होती, श्री. ब यांनी थांबवलं आणि ते सहा नमुने दुसऱ्या पद्धतीने तपासायला लावले. पीएच.डी. करणारी क: दोन्ही ऋतूंतलं पाणी त्याच विहिरींचं आहे, तेव्हा दोन स्वतंत्र गट धरून तुलना करता येणार नाही, जोडीची टी-चाचणी लावावी लागेल, हे तिने समजावून सांगितलं. आकडेमोड विद्यार्थिनीने स्वतः केली.

पुढे २४ विहिरींचे मालक. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातून मिळालेल्या भूजल पातळीच्या जुन्या नोंदी. मे महिन्याच्या उन्हात बर्फाची पेटी घेऊन गाडीवर मागे बसणारा वर्गमित्र ड. परवानगीची पत्रं देणारे आणि सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी ठेवू देणारे विभागप्रमुख डॉ. इ. अर्जावर सही करणारे प्राचार्य. आईबाबा. बर्डीवर टायपिंग आणि बाइंडिंग करून देणारं दुकान.

आता थर लावू. मार्गदर्शक पहिले, यात वाद नाही. प्रश्नच त्यांच्यामुळे ठरला. दुसरं कोण, तिथे खरा विचार लागतो. पहिल्या झटक्यात श्री. ब यांचं नाव येतं, कारण त्यांचं काम कौशल्याचं आहे आणि ते एका तक्त्यात बोट ठेवून दाखवता येतं. पण विहीरमालकांनी दार बंद केलं असतं तर तक्ताच नसता. त्यांच्यातला एकेक जण बदलता आला असता, सगळे मिळून नाही. आमच्या मते अशा वेळी समूहाला समूह म्हणून तोलावं आणि विहीरमालकांना दुसरं स्थान द्यावं. कोणी श्री. ब यांना दुसरं ठेवलं तरी ते चूक म्हणता येणार नाही. मात्र या दोघांपैकी कोणीही विभागप्रमुखांच्या खाली जाता कामा नये.

क चौथी. तिच्यामुळे चाचणी बदलली, पण मार्गदर्शकांच्या तपासणीतही ही चूक पकडली जाण्याची शक्यता होती. भूजल यंत्रणेच्या नोंदी हा मुळात संदर्भ आहे. त्याची जागा संदर्भसूचीत. ऋणनिर्देशात फक्त नोंदी काढून देण्याबद्दल एक वाक्य. वर्गमित्र ड आणि विभागप्रमुख दुसऱ्या थरात. ड आधी, कारण नमुना काढल्यावर तो थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचवणं ही या कामाची अट होती, आणि मे महिन्यात एकट्या माणसाला ते जमलं नसतं. प्राचार्यांची सही विभागप्रमुखांच्याच वाक्याला जोडून येईल. दुकानाने पैसे घेऊन नेहमीचं काम केलं. त्याचा उल्लेख गरजेचा नाही. दुकानदाराने नकाशे नव्याने काढून दिले असते तर तो नक्की आला असता.

ओळींचं माप

क्रम जितका बोलतो तितकीच लांबीही बोलते. मार्गदर्शकांना दोन ओळी आणि मित्रांना आठ, असं झालं तर क्रम बरोबर असूनही पान कलंडतं. पदव्युत्तर लघुप्रबंधाला एकच पान असावं, साधारण दोनशे ते तीनशे शब्दांचं. दुसऱ्या पानावर मजकूर गेला तर बहुतेकदा तिसऱ्या थराने पहिल्याची जागा खाल्लेली असते. या उदाहरणात मार्गदर्शकांना पन्नासेक शब्द, विहीरमालक आणि तंत्रज्ञ प्रत्येकी तीस-पस्तीस, क, यंत्रणा आणि ड प्रत्येकी पंधरा-वीस, विभागप्रमुख आणि प्राचार्य मिळून वीस, घर तीस. शब्द मोजत बसायची गरज नाही. फक्त वरून खाली येताना परिच्छेद आखूड होत जावेत, शेवटी पुन्हा फुगू नयेत.

असा मजकूर तयार होतो:

> नदीकाठच्या पाण्याची सर्वसाधारण गुणवत्ता तपासावी, असा माझा मूळ विचार होता. त्याऐवजी एकट्या नायट्रेटचा नदीपासूनच्या अंतराशी संबंध पाहावा, हे माझे मार्गदर्शक डॉ. अ यांनी सुचवले आणि त्यातूनच या प्रबंधाचा प्रश्न ठरला. चौथ्या प्रकरणाचे तिन्ही मसुदे त्यांनी बारकाईने वाचून दुरुस्त केले. त्यांची मी मनापासून ऋणी आहे.
>
> नदीकाठच्या २४ विहिरींच्या मालकांनी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा पाणी घेऊ दिले, तसेच विहिरींची खोली आणि उपशाची माहिती दिली. गोपनीयतेच्या अटीमुळे त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. या प्रबंधातील प्रत्येक आकडा त्यांच्या सहकार्यावर उभा आहे.
>
> सहा नमुन्यांत सेंद्रिय पदार्थांमुळे मोजमाप चुकत असल्याचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ श्री. ब यांनी लक्षात आणून दिले आणि ते नमुने दुसऱ्या पद्धतीने तपासायला शिकवले, तक्ता ४.३ त्यामुळे अचूक झाला. दोन ऋतूंतील मोजमापांची जोडीने तुलना कशी करावी, हे संशोधक विद्यार्थिनी क यांनी समजावून दिले. या दोघांची मी आभारी आहे. विश्लेषणात काही चूक राहिली असल्यास ती माझी आहे.
>
> भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भूजल पातळीच्या जुन्या नोंदी उपलब्ध करून दिल्या. मे महिन्यातील नमुना संकलनाच्या प्रत्येक फेरीला माझा वर्गमित्र ड सोबत होता. विभागप्रमुख डॉ. इ यांनी सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा वापरू दिली आणि प्राचार्यांनी आवश्यक परवानग्या दिल्या. या सर्वांचे आभार.
>
> दोन वर्षांची फी आणि खोलीचे भाडे बाबांनी भरले. शेवटच्या महिन्यांत आईने घरातले कोणतेही काम माझ्यापर्यंत येऊ दिले नाही. हा प्रबंध वेळेत पूर्ण झाला तो त्या दोघांमुळे.

यात ‘आदरणीय’, ‘अमूल्य’, ‘मौलिक’, ‘परमपूज्य’ यांपैकी एकही विशेषण नाही, तरी कोणी किती केलं ते कळतं. विशेषण खोडून पाहायची सवय लावा. ‘डॉ. अ यांचे अमूल्य मार्गदर्शन लाभले’ यातला ‘अमूल्य’ काढला की वाक्यात काही उरत नाही. म्हणजे तिथे माहितीच नव्हती. ‘तिन्ही मसुदे वाचून दुरुस्त केले’ यातून काही काढता येत नाही. शेवटच्या ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ या ओळीलाही हाच नियम. ती ओळ बहुतेकदा कोणीतरी सुटलं असेल या भीतीपोटी येते. कागदावरच्या नोंदी पुऱ्या असतील तर तिची गरज पडत नाही.

तिसऱ्या परिच्छेदातलं ‘चूक राहिली असल्यास ती माझी’ हे वाक्य शोभेचं नाही. क यांचं नाव विश्लेषणाशी जोडल्यावर वाचणाऱ्याला वाटू शकतं की निष्कर्ष त्यांनीही तपासून मान्य केलेत. ते तसं नाही, हे सांगणं तुमचं काम.

महाविद्यालयाचा ठरलेला क्रम असेल तर

काही महाविद्यालयांत क्रम ठरलेला असतो, कधी छापील नमुनाच मिळतो: आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग मार्गदर्शक. त्याच्याशी भांडून सही अडवून घेण्यात अर्थ नाही. प्राचार्य आणि विभागप्रमुखांचं एकच वाक्य सर्वांत वर घ्या, त्यांनी जे दिलं तेवढंच त्यात लिहा (‘परवानगी व प्रयोगशाळेची सोय उपलब्ध करून दिली’), परिच्छेद संपवा आणि मग मार्गदर्शकांपासून वजनाचा क्रम सुरू करा. वरचं एक वाक्य आणि खालचे पाच ओळींचे परिच्छेद यांतला फरक वाचणाऱ्याला न सांगता कळतो. मार्गदर्शकांना मसुदा दाखवताना ‘वरची ओळ नमुन्यानुसार घेतली आहे’ एवढं तोंडी सांगा, म्हणजे त्यांनाही क्रमाचं कारण समजेल.

विभागप्रमुखच मार्गदर्शक असतील तर त्यांचा दोनदा उल्लेख करू नका. मार्गदर्शक म्हणूनच घ्या आणि प्रयोगशाळेचं वाक्य त्याच परिच्छेदात जोडा.

याहून अवघड प्रसंग म्हणजे मार्गदर्शकांनी फारसं काही केलंच नसेल तर. खोटं लिहू नका आणि तक्रारही करू नका. ही जागा दोन्हींची नाही. त्यांनी खरोखर केलेलं काहीतरी असतंच: आराखडा मंजूर केला, दोन प्रकरणं वाचली, परीक्षकांच्या शंका आधीच सांगून ठेवल्या. तेवढंच दोन साध्या वाक्यांत लिहा. नाव पहिलं राहू द्या, कारण प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर जबाबदारी त्यांची आहे, पण लांबी खऱ्या कामाएवढीच ठेवा. प्रत्यक्ष दिशा दुसऱ्या कोणी दिली असेल तर तो परिच्छेद लगेच खाली आणि जास्त ओळींचा येईल.

उलट बाजूही आहे. कोणी तुमचं एखादं प्रकरण लिहून दिलं असेल किंवा सगळं सांख्यिकी विश्लेषण परस्पर करून दिलं असेल, तर आभार मानून ते नियमात बसत नाही. प्रबंधात तुम्ही ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ असं प्रतिज्ञापत्र सही करून लावलेलं असतं. विश्लेषण दुसऱ्याने केलं असेल तर ते कोणी केलं हे कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागतं, आणि ते करण्याची मुभा आहे का हे मार्गदर्शकांना आधी विचारावं लागतं. लिहून घेतलेलं प्रकरण मात्र नव्याने स्वतः लिहिण्याशिवाय मार्ग नाही.

नाव छापण्याआधी विचारायचं

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती ज्यांचा ऋणनिर्देश करायचा त्यांची लेखी परवानगी घ्यायला सुचवते, कारण नाव आलं की त्या व्यक्तीने मजकुराला मान्यता दिली असा अर्थ निघू शकतो. लघुप्रबंधाला इतकी औपचारिकता लागत नाही, पण विचार तोच ठेवा. पहिल्या थरातल्या प्रत्येकाला त्यांच्यावरची दोन-तीन वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘असं लिहिलं तर चालेल का?’ एवढंच विचारा. सरकारी कार्यालयातल्या व्यक्तीचं नाव घालण्याआधी तर विचाराच. अनेकांना आपल्याऐवजी कार्यालयाचं नाव आलेलं बरं वाटतं.

ज्यांच्याकडून माहिती गोळा केली त्यांच्या बाबतीत मात्र विचारणं पुरेसं नाही. वरच्या प्रबंधात विहिरींना ‘वि-१’ ते ‘वि-२४’ असे क्रमांक आहेत आणि संमतीपत्रात नाव न छापण्याची कबुली दिलेली आहे. समजा, ऋणनिर्देशात एका मालकाचं नाव प्रेमाने घेतलं आणि ‘सर्वात खोल विहिरीचे मालक’ असं म्हटलं. परिशिष्टातल्या खोलीच्या रकान्यात सर्वात मोठा आकडा वि-१७ पुढे आहे. आता वि-१७ मधलं नायट्रेट कोणाच्या विहिरीचं, हे वस्तीतल्या कोणालाही कळेल, आणि त्या घराचं पाणी भाडेकरू नाकारू शकतात. मुलाखतींवर आधारलेल्या एम.ए.च्या प्रबंधात हा धोका जास्त असतो. पान झाल्यावर प्रत्येक नाव, वस्ती आणि विशेषण परिशिष्टाशेजारी ठेवून पाहा. काही जुळलं तर तो तपशील काढा.

शिष्यवृत्ती किंवा प्रकल्पाचा पैसा असेल तर त्याचं वाक्य आपल्या शब्दांत लिहू नका. मंजुरीपत्रात बहुतेकदा ठरावीक वाक्य आणि क्रमांक दिलेला असतो; तो जसाच्या तसा, मार्गदर्शकांनंतर लगेच घ्या.

घर, देव आणि दिवंगत माणसं

ज्यांचं ऋण प्रबंधाच्या मापात बसत नाही त्यांच्यासाठी अर्पणपत्रिका आहे. स्वतंत्र पान, एक किंवा दोन ओळी. वडील गेले असतील, आजीने शिकवलं असेल, गजानन महाराजांवर श्रद्धा असेल, तर ते तिथे लिहा आणि ऋणनिर्देशात पुन्हा उगाळू नका. अर्पणपत्रिका आईबाबांना केली असेल तर ऋणनिर्देशातला त्यांचा परिच्छेद एका वाक्यावर आणा. घरच्यांबद्दलही ‘प्रेरणास्थान’ म्हणण्यापेक्षा काय केलं ते सांगा; वरच्या नमुन्यातली फी आणि खोलीचं भाडं त्यासाठीच आहेत.

नावं आणि व्याकरण

नाव चुकणं ही या पानावरची सर्वात लागणारी चूक, आणि ती बाइंडिंगनंतरच दिसते. विदर्भात वानखेडे आणि वानखडे ही वेगळी आडनावं आहेत. गजभिये कोणी शेवटी ‘ये’ लिहितं, कोणी ‘ए’. अंदाजाने लिहू नका, त्या व्यक्तीलाच टाइप करून पाठवायला सांगा. मार्गदर्शकांचं नाव आणि पदवी प्रमाणपत्राच्या पानावर जशी आहे तशीच इथे हवी, एकीकडे ‘डॉ.’ आणि दुसरीकडे ‘प्रा. डॉ.’ असं नको. शिपाई आणि प्रयोगशाळा परिचर यांनाही ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ आणि पूर्ण आडनाव लावा. विभागात सगळे त्यांना ‘रामूभाऊ’ म्हणत असले तरी छापील पानावर ते इतरांच्या बरोबरीने यायला हवेत.

‘त्यांचे मी आभारी आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधात सापडतं आणि ते चुकीचं आहे. ‘आभार’ अनेकवचनी, म्हणून ‘त्यांचे आभार मानते’. पण ‘आभारी’ हे लिहिणाऱ्याचं विशेषण, म्हणून मुलाने ‘त्यांचा आभारी आहे’ आणि मुलीने ‘त्यांची आभारी आहे’ लिहायचं. ‘ऋणी’चंही तसंच. जुन्या प्रबंधावरून मजकूर उचलला असेल तर ‘मानतो’ आणि ‘मानते’ यांची सरमिसळ इथेच उघडी पडते. सगळीकडे ‘आम्ही’ लिहायचीही गरज नाही. प्रबंध एकाचा आहे, ‘मी’ बरोबर आहे.

पान लावणं

ऋणनिर्देश साधारणपणे प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणपत्र यांच्यानंतर, अनुक्रमणिकेच्या आधी येतो. विभागाच्या सूचनेत वेगळं असेल तर ते पाळा. सुरुवातीच्या या पानांना रोमन अंक असतात आणि पहिल्या प्रकरणापासून १ सुरू होतो. वर्डमध्ये यासाठी अनुक्रमणिकेसारख्या सुरुवातीच्या मजकुराच्या शेवटी कर्सर ठेवून `Layout` > `Breaks` > `Next Page` द्या, पहिल्या प्रकरणाच्या पानाच्या तळाशी, आकडा येतो त्या पट्टीत, दोनदा क्लिक करून `Link to Previous` बंद करा आणि मग दोन्ही भागांत `Page Number` > `Format Page Numbers` मधून अंकांचा प्रकार वेगळा निवडा, आणि पहिल्या प्रकरणाच्या भागात तिथेच `Start at` मध्ये १ द्या. `Link to Previous` बंद करायचं राहिलं तर एका भागात केलेला बदल दुसऱ्या भागातही उमटतो; पानांचे आकडे गोंधळतात ते बहुधा यामुळेच.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या दुकानातल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि तिथेच घाईत नव्याने टाइप करताना आडनावं बिघडतात. वर्डची फाइल देण्याऐवजी पीडीएफ द्या आणि छापण्याआधी तिच्यात ‘ऱ्या’, ‘क्ष’ आणि ‘ऋ’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं तुटली तर ती याच अक्षरांत आधी दिसतात.

खाली डावीकडे ‘नागपूर’ आणि तारीख, उजवीकडे तुमचं नाव. सही मूळ प्रतीवर पेनने करा, स्कॅन केलेली चिकटवू नका. तारीख प्रतिज्ञापत्रावरच्या तारखेशी जुळवा. सगळ्या प्रती एकदम बांधायला देण्याआधी फक्त हे एक पान ठरलेल्या कागदावर छापून घ्या आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांपैकी विभागात भेटतील त्या प्रत्येकाला आपापलं नाव वाचायला द्या.